गोत्र वेगळं, पूर्वज तेच

गेल्या अंकात बीपीच्या गोळ्यांबद्दल लिहिलं, तेव्हा काही जणांनी विचारलं की तुम्ही भूलतज्ज्ञ असून भुलेबद्दल कधीच का लिहीत नाही? म्हणून या दिवाळीला भुलेपासून सुरुवात करते. पोचणार आहे मात्र लग्नाच्या बोलणीपर्यंत.

पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी एक काकू माझ्याकडे तपासणीला आल्या होत्या. मूळच्या नांदेडच्या, मुलीकडे राहायला आलेल्या. मी प्रत्येकाला विचारते तो प्रश्न त्यांनाही विचारला, "घरात कुणाला भुलेचा कधी त्रास झालाय का?" त्या नाही म्हणाल्या. मग जाता जाता म्हणाल्या, "माझ्या थोरल्या भावाला हैदराबादेत अपेंडिक्सच्या वेळी जाग आली नव्हती लवकर. संध्याकाळपर्यंत मशिनवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, भूल जास्त झाली."

मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही आर्य वैश्य का?" त्या चकित झाल्या. जात विचारणारी डॉक्टर त्यांना अमेरिकेत भेटेल असं वाटलं नसावं. मलाही तो प्रश्न विचारायला आवडत नाही. पण इथे त्याला कारण होतं.

घशात श्वासाची नळी घालताना स्नायू सैल पडावे लागतात. त्यासाठी सक्सिनिलकोलीन नावाचं एक जुनं, चांगलं औषध आहे. ते मिनिटाभरात काम करतं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचे भराभर तुकडे करतं. काही लोकांत हे एन्झाइम जवळजवळ नसतंच. एरवी त्यांना काहीही होत नाही. अख्खं आयुष्य निघून जातं आणि कळतही नाही. पण हे औषध दिलं की पाच मिनिटांचा परिणाम काही तास टिकतो. माणूस हलू शकत नाही, स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. ओळखलं तर घाबरण्यासारखं नाही: व्हेंटिलेटर चालू ठेवायचा, झोपेचं औषध चालू ठेवायचं आणि वाट बघायची. मनगटापाशी नसेला बारीक विजेचे झटके देऊन अंगठा हलतो का ते पाहायचं. तो हलत नसेल, तर अजून वेळ आहे. खरा धोका ओळखलं नाही तर. झोपेचं औषध बंद केलं, तर माणूस आतून जागा असतो आणि डोळेही उघडू शकत नाही.

आर्य वैश्यांमध्ये या एन्झाइमची कमतरता इतरांच्या सुमारे शंभरपट आढळते. का?

आधी एक काल्पनिक गाव घेऊ. शंभर माणसांनी एक वस्ती वसवली आणि ठरवलं की लग्नं आपसातच करायची. त्यातल्या एकाच्या एका जनुकात दोष आहे. दुसरी प्रत चांगली, म्हणून त्याला काही त्रास नाही. तो नुसता वाहक. मोठ्या शहरात असा दोष कुठेतरी विरून गेला असता. इथे मात्र तो शंभरात एक आहे. त्या माणसाची मुलं-नातवंडं योगायोगाने जास्त जगली, तर काही पिढ्यांनी वाहक वीसात एक होतात. मग नवरा-बायको दोघंही वाहक असण्याची शक्यता चारशेत एक, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता चारात एक. म्हणजे सोळाशे मुलांत एक. जिथे वाहक हजारात एक आहे, तिथे हाच हिशोब चाळीस लाखांत एक येतो. कुणी काही चुकीचं केलेलं नाही. मूळ माणसं थोडी होती आणि दार बंद होतं, एवढंच. याला संस्थापक परिणाम म्हणतात.

आता लोकांचा नेहमीचा आक्षेप असा, की आर्य वैश्य तीसेक लाख आहेत, मग ही छोटी जमात कशी? पण आज किती आहेत हा प्रश्नच नाही. सुरुवातीला किती होते आणि त्यानंतर बाहेरून किती आले, हा प्रश्न आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतले लालजी सिंग आणि थंगराज यांनी हार्वर्डच्या डेव्हिड राइक यांच्याबरोबर २००९ मध्ये हे दाखवलं: आर्य वैश्यांमध्ये दोन-तीन हजार वर्षं बाहेरची सरमिसळ जवळपास झालेलीच नाही. २०१७ मध्ये याच मंडळींनी दक्षिण आशियातले २६० हून अधिक समाज तपासले. त्यातल्या ८१ समाजांत हा परिणाम अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला, आणि त्यातल्या १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे.

काकूंचे यजमान शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "पण डॉक्टर, आमची गोत्रं वेगळी आहेत. एकशे दोन गोत्रं आहेत आमच्यात." हे मी ब्राह्मणांकडून, मराठ्यांकडून, सगळ्यांकडून ऐकलंय. गोत्र फक्त बापाच्या बापाच्या बापाची एक रेघ सांगतं. दहा पिढ्या मागे गेलात, तर तुमच्या पूर्वजांच्या हजाराहून जास्त जागा असतात. गोत्र त्यातल्या एकीचा हिशोब ठेवतं. बाकीच्या जागांवर नवऱ्याकडची आणि बायकोकडची तीच ती माणसं पुन्हा पुन्हा बसलेली असतात. मामाची मुलगी केली तर धोका आणखी वाढतो, हे खरं. पण नात्यात लग्न न करताही तो राहतोच.

काकूंची मुलगी इथेच वाढलेली. तिने मराठी-इंग्रजीची मिसळ करत नेमका प्रश्न विचारला: "माझा फियॉन्से गुजराती आहे. सो आय अ‍ॅम सेफ?" या दोषापुरतं, बहुतेक हो. तिच्याकडून सदोष प्रत गेली, तरी त्याच्याकडून चांगलीच जाण्याची शक्यता फार मोठी. त्याच्याही समाजाचे स्वतःचे दोष असतील, पण ते वेगळ्या जनुकांत, आणि दोन वेगळ्या जनुकांतले दोष एकमेकांशी जुळत नाहीत. तिची मुलं फार तर वाहक होतील. तरी कॅरियर टेस्ट करा, पण तिचा अर्थ नीट लावा. बऱ्याच लॅबची यादी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडलेल्या दोषांवर उभी आहे. "निगेटिव्ह" म्हणजे यादीतले दोष सापडले नाहीत, एवढंच. फॉर्मवरच्या "एशियन इंडियन" या चौकोनाने काही कळत नाही. डॉक्टरांना समाज सांगावा लागतो.

ज्यांना समाजातच लग्न करायचंय त्यांच्यासाठी ब्रुकलिनमधल्या कर्मठ ज्यूंनी एक वाट काढली आहे. टे-सॅक्स रोगाने चार मुलं गेलेल्या रब्बी एकस्टाइन यांनी १९८३ मध्ये दोर येशोरिम ही संस्था काढली. तरुण मुलामुलींचं रक्त तपासतात, पण निकाल सांगत नाहीत, फक्त एक नंबर देतात. स्थळ आलं की दोघांचे नंबर कळवायचे. जोडी जमते की नाही एवढंच उत्तर येतं. कुणावर वाहक म्हणून शिक्का बसत नाही. पत्रिका जुळवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला अजिबात जड नाही.

काकूंच्या रक्तात ते एन्झाइम जवळजवळ शून्य निघालं. सक्सिनिलकोलीनऐवजी रोक्युरोनियम दिलं, ते उतरवायला सुगामाडेक्स, आणि काकू टेबलवरच जाग्या झाल्या. घरी जाताना त्यांना औषधाचं नाव लिहिलेलं पत्र दिलं आणि हातात घालायला इशाऱ्याचं कडं मागवायला सांगितलं. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला हा दोष असण्याची शक्यता चारात एक, म्हणून पत्राच्या चार प्रती काढल्या. तीन नांदेडला गेल्या. एक हैदराबादच्या भावाला.