रिमझिम पावसात कोणते शूज? स्वेडला घाबरता, पण खरा दगा कॅनव्हास देतो!

श्रावणातली सर दहा मिनिटं येते आणि जाते. एवढ्यासाठी गमबूट कोण घालणार? रोजचेच शूज घालून आपण निघतो. बहुतेकांचं गणित ठरलेलं असतं: स्वेड कपाटात ठेवायचा, जाळीच्या शूजमध्ये पाणी शिरतं म्हणून तेही नकोत, त्यापेक्षा कॅनव्हास बरा. माझं मत नेमकं उलट आहे. हलक्या पावसात पाणी किती आत शिरतं यापेक्षा ते किती लवकर बाहेर पडतं, हे जास्त महत्त्वाचं.

कॅनव्हास: आत घेतलेलं सोडत नाही

कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड. सुती धागा पाणी नुसतं अंगावर घेत नाही, तर ते तंतूच्या आत मुरतं आणि तंतू फुगतो. तंतू फुगले की विणीतली भोकं बारीक होतात, म्हणून सुरुवातीच्या भुरभुरीत कॅनव्हास बऱ्यापैकी टिकतो. ओला सुती धागा कोरड्यापेक्षा मजबूतही असतो, त्यामुळे कापड फाटायची भीती नाही.

अडचण पुढे येते. सकाळी साडेनऊला ऑफिसात पोहोचलात तेव्हा चवडा ओला झालेला असतो. दिवसभर पाय आत, एसी चालू आणि बाहेर दमट हवा. सामान्य कोरड्या दिवसातही कापसात त्याच्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा असतोच, पावसाळी हवेत तो आणखी वाढतो. संध्याकाळी निघताना शूज ओलसरच असतात, दुसऱ्या दिवशी वास येतो. पांढऱ्या कॅनव्हासवर सुकल्यानंतर पिवळट डागही उमटतात. कापडात राहिलेला साबण, मळ किंवा सोलजवळचा गोंद पाण्यासोबत पृष्ठभागावर येतो, पाणी उडून जातं आणि तो तिथेच राहतो.

स्वेड: पाण्यापेक्षा डागाची भीती

स्वेड हे चामडंच, पण बहुधा आतल्या बाजूचं, घासून लव उठवलेलं. साध्या चामड्याला वरचा घट्ट थर असतो, तो इथे नसतो. म्हणून थेंब पडला की लवेतून लगेच आत ओढला जातो आणि काळा ठिपका दिसतो.

तो ठिपका सुकला की कडेला गडद वर्तुळ उरतं. चहाचा थेंब टेबलावर सुकला की जसं वर्तुळ राहतं, तोच प्रकार. ओल्या भागाची कड सगळ्यांत आधी सुकते, मधलं पाणी तिकडे सरकत राहतं आणि सोबत नेलेला रंग व धूळ कडेलाच साठते. म्हणजे त्रास पाण्याचा कमी, ओल्या-कोरड्याच्या सीमेचा जास्त.

म्हणून डाग पडल्यावर त्यावरच कापड घासत बसू नका. ओलसर स्पंजने तो अख्खा भाग, शिवणीपासून शिवणीपर्यंत, हलकासा एकसारखा ओला करा. सीमाच राहिली नाही तर वर्तुळ कुठे पडणार? मग आत कोऱ्या कागदाचे बोळे भरा (छापील पेपरची शाई फिक्या अस्तराला लागते, आमच्याच धंद्याची तक्रार!) आणि पंख्याखाली सुकवा. पूर्ण सुकल्यावर स्वेडच्या ब्रशने लव उभी करा.

हेअर ड्रायर मात्र अजिबात नको. ओलं चामडं उष्णतेने आक्रसतं, तंतू एकमेकांना चिकटतात आणि शूज पापडासारखे कडक होतात.

पाणी झटकणारा स्प्रे कोरड्या, स्वच्छ स्वेडवर आधीच दोन पातळ हातांनी मारला, तर भुरभुरीत थेंब मण्यांसारखे घरंगळतात. पण तो वापराने झिजतो आणि शिवणीतून शिरणारं पाणी अडवत नाही. थेंब घरंगळायचा थांबला की स्प्रे संपला असं समजा.

जाळी: आधी भिजते, आधी सुकते

जाळीचा धागा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो. तो स्वतः पाणी जवळपास पीतच नाही, कापसाच्या 8.5 टक्क्यांच्या जागी साधारण 0.4 टक्के. पाणी भोकांतून थेट मोज्यापर्यंत जातं हे खरं, पण त्याच भोकांतून हवाही खेळते. पाणी साठतं ते जिभेच्या आणि टाचेच्या फोममध्ये आणि इनसोलमध्ये. म्हणून ऑफिसात पोहोचताच इनसोल काढून टेबलाखाली उभा ठेवा. डबक्यातला चिखल मात्र जाळी गाळून घेते, तो सुकण्याआधीच धुवा.

माझी पसंती जाळीला, दुसरा नंबर स्प्रे मारलेल्या स्वेडला. हे सगळं फक्त हलक्या सरींपुरतं, रस्त्यावर घोटाभर पाणी असेल तर चप्पल घाला. आणि जाळीच्या शूजमध्ये जाड सुती मोजे नकोत, तो आत घातलेला दुसरा कॅनव्हासच. पातळ सिंथेटिक मोजे घाला आणि एक जोड बॅगेत ठेवा.