मान धरायला उशीर, आणि दोन तपासण्यांमधले सहा महिने

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. या कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासते. योजना चांगली आहे, पण तान्ह्या बाळांच्या बाबतीत तिच्या वेळापत्रकातच एक फट राहते.

मुळशी तालुक्यातील एखाद्या वाडीवरचे बाळ डोळ्यांसमोर आणा. पथक आले तेव्हा ते दोन महिन्यांचे होते. या वयात मान डगमगणारच, म्हणून कोणाला काही वावगे वाटले नाही. पथक पुन्हा येईल तेव्हा बाळ आठ महिन्यांचे असेल. साधारणपणे चौथ्या महिन्याअखेर बाळ मान धरते. म्हणजे जी खूण चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसली असती, ती या दोन भेटींच्या मधेच राहून जाते. घरातली वडीलधारी माणसेही ‘याचा बापही उशिराच बसला होता’ म्हणून धीर देतात.

ही फट आशाताईंच्या गृहभेटींनी भरायची असते. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यात त्या घरी येणे अपेक्षित आहे. त्या वेळी बाळाचा माता-बाल संरक्षण कार्डावरचा विकासाचा भाग त्यांच्याबरोबर बसून पाहावा. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर वयातून तेवढे महिने वजा करून हिशेब करावा. चार महिने उलटूनही मान धरत नसेल, उचलताना बाळ हातातून निसटल्यासारखे ढिले वाटत असेल, निजवल्यावर पाय बेडकासारखे फाकून सपाट पडत असतील, तर पुढच्या पथकाची वाट पाहू नये. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून औंधच्या जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागावी. तिथे बालरोगतज्ज्ञाबरोबर फिजिओथेरपीची आणि कान-डोळे तपासण्याची सोय एकाच ठिकाणी असावी, अशी योजना आहे. या सेवा विनामूल्य आहेत, आणि उपचार सुरू करायला अपंगत्वाचा दाखला लागत नाही.

ढिलेपणा हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. त्यामागे डाऊन सिंड्रोम असू शकते, जन्मावेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू असू शकतो किंवा स्नायूंचा आजार. नेमके कारण सापडायला कधी महिने लागतात, आणि व्यायाम त्यासाठी थांबवायचा नसतो. मात्र दोन रक्ततपासण्या पहिल्याच भेटीत विचाराव्यात: थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व. आपल्याकडे प्रत्येक नवजात बाळाची थायरॉइड तपासणी होतेच असे नाही, आणि ती कमतरता गोळीने भरून निघते. उशीर झाला तर बुद्धीची हानी मात्र भरून येत नाही. आई शाकाहारी असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर दोघांतही बी-१२ कमी असू शकते. बाळ फिकट, मलूल होते, हसणे विसरते. हेही औषधाने सुधारते.

व्यायामाचा हिशेब साधा आहे. केंद्रात आठवड्यातून एकदा पाऊण तास मिळतो, आणि त्यासाठी पौडहून जाऊन येण्यात दिवस मोडतो. घरी दिवसातून पाच वेळा पाच-पाच मिनिटे केली, तर आठवड्याचे जवळजवळ तीन तास होतात. म्हणून केंद्रात आईने, शक्य तर आजीनेही, स्वतः करून दाखवून शिकून घ्यावे. बाळ जागे आणि पोट हलके असताना त्याला पालथे घालायचे, छातीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि समोर आईचा चेहरा किंवा खुळखुळा. मान उचलण्याचे काम बाळाने करायचे. तेलमालिश सुखद असते, पण तिने स्नायूंत जोर येत नाही. तो बाळाच्या स्वतःच्या धडपडीतून येतो. म्हणूनच पांगुळगाडा टाळावा. ढिल्या बाळाला दोन्ही हात धरून ओढून उठवू नये.

फरक कळण्यासाठी दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, पालथे असतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढावा आणि केंद्रात दाखवावा. सहा-आठ आठवड्यांत काहीच बदल नसेल, तर व्यायाम आणि निदान दोन्ही पुन्हा तपासायला सांगावे. उपचाराने प्रत्येक बाळ वेळेवर चालेल असे नाही. ते मूळ कारणावर अवलंबून असते.

काही खुणांना मात्र चिठ्ठीचीही वाट नको. दूध पिताना दमणे, क्षीण रडणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, एकामागून एक येणारे झटके किंवा आलेले कौशल्य जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.