शेरा मवाळ, दोष ठळक

नववीच्या वहीतला एक नमुनेदार शेरा घेऊ. निबंधाचा विषय नेहमीचाच, ‘मोबाइल : शाप की वरदान’. खाली लाल शाईत लिहिलेलं : ‘गाईडातलं उतरवलंस. परिच्छेद नावाचा प्रकार माहीत आहे का? शेवटपर्यंत स्वतःचं मत नाही. शुद्धलेखनाची बोंब! असं लिहून दहावीत काय दिवे लावणार?’

पाच वाक्यांपैकी चारांत दोष सांगितले आहेत आणि ते चारही खरे आहेत असं धरू. पाचव्यात दोष नाही, भविष्यकथन आहे. ते खोडलं तर मुलाचं काहीच नुकसान होत नाही.

आता हाच शेरा कुणा सहृदय शिक्षकाने मवाळ केला, की बहुधा असा होतो : ‘छान प्रयत्न! सुरुवात जरा वेगळी करता आली तर बघ. परिच्छेद आणि शुद्धलेखनाकडे थोडं लक्ष दिलंस तर निबंध आणखी खुलेल.’ वाचायला गोड आहे, पण चारातला एक दोष साफ गळाला. स्वतःचं मत नसल्याचा उल्लेखच नाही. गाईडातून उतरवणं ही गंभीर गोष्ट ‘जमलं तर बघ’ इतकी ऐच्छिक झाली. ‘थोडं लक्ष’ म्हटल्यावर चुकाही थोड्याच असणार, असं मुलाने समजलं तर त्याचा काय दोष? केन आणि फिओना हायलंड यांनी न्यूझीलंडमधल्या इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळालेले लेखी अभिप्राय तपासले होते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हेच आढळलं : शिक्षकांनी टीका सौम्य करण्यासाठी वापरलेल्या आडवळणांमुळे काही वेळा विद्यार्थ्यांना टीकेचा अर्थच नीट कळला नाही.

म्हणजे कठोरपणा काढायचा तो नेमका कुठून, हे आधी ठरवावं लागतं. वरच्या शेऱ्यात तो ‘माहीत आहे का?’ या टोमण्यात आहे, ‘बोंब’मध्ये आहे आणि दिव्यांच्या भाकितात आहे. या तिन्ही जागी निबंध बाजूला राहतो आणि मुलगा पिंजऱ्यात उभा राहतो. दोष मात्र निबंधातल्या ओळींमध्ये आहेत. त्यामुळे बोट ओळीवर ठेवायचं.

शुद्धलेखनाचंच बघा. वही पुन्हा उघडली तर अकरा चुका सापडतात आणि त्यातल्या आठ एकाच जातीच्या : ‘प्रगति’, ‘मुलि’, ‘शाळेचि’. शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी हवी तिथे पहिली दिली आहे. उलट ‘आणि’ला मात्र दुसरी! ‘बोंब’ म्हटल्याने यातलं मुलाला काहीही कळलं नसतं. गंमत अशी, की नेमकी चूक सांगितली की शब्द आपोआप मऊ होतात, कारण चिडायला जागाच उरत नाही.

निबंधात एक जिवंत ओळही आहे. व्हिडिओ कॉल लागला की आजी आधी डोक्यावरचा पदर सावरते, मग बोलते. हे गाईडात नसतं. कौतुक करायचं तर याच ओळीचं करावं, कारण बाकीच्या निबंधाने काय करायला हवं होतं हेही तीच दाखवते.

सुधारलेला शेरा असा होईल : ‘आजीची ओळ तुझी आहे, ती आवडली. 1) पहिल्या नऊ ओळी गाईडातल्या आहेत. त्या काढ आणि आजीपासून सुरुवात कर. 2) सगळा निबंध एकाच परिच्छेदात आहे. फायदे, तोटे आणि तुझं मत असे तीन कर. 3) शाप की वरदान, हे तू कुठेच ठरवलेलं नाहीस. ठरव आणि कारण लिही. 4) शब्दाच्या शेवटची वेलांटी आठ ठिकाणी चुकली आहे. तिथे दुसरी हवी, ‘आणि’ला पहिलीच. शुक्रवारी पुन्हा लिहून आण.’ इथे ‘कर’, ‘ठरव’, ‘काढ’ ही सरळ आज्ञार्थी रूपं मुद्दाम ठेवली आहेत. आज्ञार्थ म्हणजे उद्धटपणा नव्हे. शिक्षकाचं ‘कर’ मुलांना खुपत नाही, टोमणा खुपतो.

अमेरिकेत डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवावा. सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखी टीका लिहिली. काही वह्यांना एक चिठ्ठी जोडली होती : माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे देत आहे. चिठ्ठीतल्या मजकुराने कृष्णवर्णीय मुलांमध्ये निबंध पुन्हा लिहून देणाऱ्यांचं प्रमाण 17 टक्क्यांवरून 72 टक्क्यांवर गेलं. नमुना लहान होता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या वर्गाला लावू नयेत. पण लक्षात घेण्याजोगं हे, की टीकेचा एकही शब्द कमी केलेला नव्हता.

साठ वह्यांच्या गठ्ठ्यापुढे हे सगळं जमत नाही, ही तक्रार रास्त आहे. सगळ्या वह्यांना नको. ज्या पाच-सहा शेऱ्यांत हात सुटला असेल तेवढेच पुन्हा लिहावेत. लिहिलेला शेरा, निबंध न दाखवता, शेजारच्या सहकाऱ्याला द्यावा आणि त्यातून कळलेले दोष मोजायला सांगावेत. तुम्हाला चार सांगायचे होते आणि त्यांना तीनच सापडले, तर शेरा मऊ झालेला नाही, अपुरा राहिला आहे. तो वही परत देण्याआधी दुरुस्त करा.