पाने मोजू नका, शॉट मोजा

शनिवार-रविवारच्या शूटिंगसाठी मुलं वेळापत्रक आणून दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा ते पटकथेच्याच क्रमाने असतं. सीन १ सकाळी, सीन २ त्यानंतर, शेवटचा सीन रविवारी रात्री. हे वेळापत्रक नसून पटकथेची अनुक्रमणिका आहे. माझं मत असं की, पटकथेची फोड हे लेखन संपल्यावरचं कारकुनी काम नाही. फोड करताना पटकथा पुन्हा लेखकाकडे गेलीच पाहिजे. ती एकदाही परत गेली नाही तर फोड नीट झालेली नाही, असं खुशाल समजा.

उदाहरणासाठी पाच पानांची एक पटकथा घेऊ. डोंबिवलीत राहणारे आजोबा रोज संध्याकाळी कुणाला न सांगता कुठेतरी जातात. नात त्यांचा पाठलाग करते. ते ठाण्याला तलावपाळीवर जाऊन बसतात, जिथे पूर्वी आजी सोबत असायची.

फोड करताना पानाचे आठ भाग धरतात. पानावर पट्टीने रेघा मारायच्या आणि प्रत्येक सीन किती अष्टमांश भरतो ते लिहायचं. आपले सात सीन असे निघतात: स्वयंपाकघर सकाळ ६, जिना सकाळ १, फडके रोड संध्याकाळ २, लोकलचा डबा ४, तलावपाळी संध्याकाळ ११, स्वयंपाकघर रात्र १४, जिना रात्र २. बेरीज ४०, म्हणजे पाच पाने. मग प्रत्येक सीनची एक चिठ्ठी करायची. तीवर जागा, दिवस की रात्र, कोणकोण पात्रं आणि हाताळायच्या वस्तू लिहायच्या. मोठ्या चित्रपटांत या पट्ट्या रंगीत असतात, दिवसाच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. सात सीनसाठी रंगांची हौस कशाला? वहीचे कागद फाडून जमिनीवर मांडले तरी चालतं.

चिठ्ठ्या मांडल्या की पहिली अडचण दिसते. लोकलचा सीन फक्त अर्ध्या पानाचा आहे, पण रेल्वेत चित्रीकरणाला रेल्वेची रीतसर परवानगी लागते आणि ती शनिवार-रविवारच्या शूटिंगसाठी ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहता येत नाही. "मोबाईलवर गुपचूप घेऊ" हा बेत मी मंजूर करत नाही. चालत्या गाडीत दाराजवळ मुलांना उभं करायचं नसतं, एवढं कारण मला पुरतं. फडके रोडचंही तसंच. संध्याकाळच्या गर्दीत दोन अष्टमांश पानासाठी दोन तास जातील आणि प्रत्येक शॉटमध्ये कुणीतरी कॅमेऱ्यात बघेल. पाने मोजून वेळ ठरवणारा इथेच फसतो.

म्हणून दोन्ही चिठ्ठ्या लेखकाकडे परत. त्याने काय करावं? पहिल्या सीनमध्ये आईला आजोबांच्या शर्टाच्या खिशात डोंबिवली-ठाणे पास सापडतो. बस्स. आजोबा रोज गाडीने ठाण्याला जातात हे प्रेक्षकाला कळलं. सहा अष्टमांश गेले, उरले ३४, आणि माझ्या मते गोष्ट आधीपेक्षा चांगली झाली.

आता तलावपाळी. सीन सव्वा पानाहून थोडा मोठा, मावळतीचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उपयोगाचा प्रकाश साडेचार ते सव्वासहा. नवशिक्या गटाला एक शॉट लावून, तालीम करून, दोन-तीन टेक घ्यायला पंधरा मिनिटं तरी लागतात. म्हणजे सात शॉट. दिग्दर्शकाच्या यादीत असतात चौदा! शिवाय रविवार संध्याकाळ, अख्खं ठाणं तलावावर. आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर साधारण अकरा ते चार गाड्यांचा भरवसा नाही. ट्रायपॉड आणि दिव्यांच्या पिशव्या घेऊन दुपारी डोंबिवलीहून निघायचं म्हणजे प्रकाश उरेलच असं नाही.

हा सीन मी रविवारी पहाटे घेईन. उगवती पडद्यावर मावळती म्हणून खपते, आकाश सांगत नाही की ते कुठल्या वेळेचं आहे. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पावणेसात ते साडेआठ काम करायचं आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत परत फिरायचं. पण एक मेख आहे. संध्याकाळी उजेड कमी होत जातो, पहाटे वाढत जातो. म्हणून सीनचे शॉट उलटे घ्यायचे: काळोख पडतानाचा शेवटचा शॉट सर्वांत आधी, आजोबा येऊन बसतात तो सर्वांत शेवटी. सरळ क्रमाने घेतलं तर जोडल्यावर संध्याकाळ उजळत गेलेली दिसेल. पहाटे भेळवाला नसतो. ते पात्र एखाद्या मित्राला द्या नाहीतर काढून टाका. चौदाचे सात शॉट तरीही करावेच लागतील. दोघांना एकत्र बाकावर ठेवून लांब शॉट घेतला तर चार शॉट सहज वाचतात. महापालिकेची परवानगी आणि पोलीस ठाण्याला कळवणं हे आधीच्या आठवड्यातलं काम, त्याचे कागद त्या पहाटे हातात हवेत.

उरलेलं सोपं आहे. शनिवारी पूर्ण दिवस डोंबिवलीच्या घरात. साडेसातला जमायचं, नऊला पहिला शॉट. सकाळच्या स्वयंपाकघराचे सहा शॉट खिडकीतल्या खऱ्या उजेडात अकरापर्यंत, मग जिन्याचा एक, मग जेवण. दुपारी एकपासून खिडकीला बाहेरून काळं कापड लावून रात्रीचा सीन, नऊ शॉट. दिवे हलवावे लागतात म्हणून इथे शॉटला पंचवीस मिनिटं धरा, पाचपर्यंत संपेल. आवाजासाठी फ्रिज बंद करावा लागतो. ध्वनी बघणाऱ्याने स्वतःच्या घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे जाताना फ्रिज चालू करायचं विसरणार नाही. शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मात्र आपल्या हातात नाहीत, म्हणून संवादाचे शॉट जेवणाच्या वेळेला ठेवू नका.

जिन्याचा रात्रीचा सीन शनिवारी सातला उरकून टाकावा असं सगळ्यांना वाटतं. मी तो रविवारी संध्याकाळी ठेवतो. आजोबांचं काम करणारे काका साठीचे असतील, त्यांना शनिवारी आठला सोडून रविवारी पहाटे पाचला उठवायचं का? रविवारी तलावावरून आल्यावर सगळ्यांनी झोपावं. चारनंतर स्वयंपाकघरातले राहिलेले क्लोजअप, अंधार पडला की जिना. ही रिकामी दुपार म्हणजे आळस नव्हे. दोन दिवसांत तेवढीच शिल्लक असते आणि ती पहिल्याच दिवशी खर्चून चालत नाही.

या उलटापालटीत एक धोका आहे. गोष्टीत आजोबा तलावावरून त्याच शर्टात घरी येतात, पण आपण घराचा सीन आधी घेतलाय. काका शर्ट घरी नेऊन धुवून, इस्त्री करून आणतील, कारण ते सज्जन आहेत. शर्ट कपडे बघणाऱ्या मुलीकडेच राहू द्या आणि बाह्या किती दुमडल्या होत्या त्याचा फोटो काढून ठेवा.

वेळापत्रक बिघडतंय हे ओळखायला घड्याळ दोनदाच बघा. शनिवारी दहाला सहापैकी तीन शॉट झालेले हवेत, तीनला नऊपैकी पाच. मागे असाल तर आदल्या रात्रीच यादीत खूण करून ठेवलेले शॉट गाळायचे. कुठले, ते शुक्रवारी शांत डोक्याने ठरवा. शनिवारी तीन वाजता दिग्दर्शकाला विचारलंत तर तो म्हणेल, सगळेच महत्त्वाचे आहेत.