सहा अक्षरं आणि एक वाट

पुस्तकांच्या दुकानात ‘सेल्फ-हेल्प’च्या शेल्फवर एक पातळसं पुस्तक हमखास सापडतं. ‘ताओ ते चिंग’. लाओत्झू या चिनी ऋषीच्या नावावरचा हा जुना ग्रंथ. पुढच्या वेळी त्याच्या दोन वेगवेगळ्या इंग्रजी आवृत्त्या हातात घ्या आणि दोन्हींमधलं फक्त पहिलं वाक्य वाचा. एकीत ताओ ‘बोलण्या’बद्दल काहीतरी असेल, दुसरीत ‘चालण्या’बद्दल. मूळ वाक्य तेच, मग हा घोळ कसला?

मूळ वाक्यात अक्षरं फक्त सहा. चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे साधारण एक शब्द, म्हणून शब्दही सहाच. गंमत म्हणजे त्यातले तीन शब्द एकच आहेत : ताओ. उरलेले तीन म्हणजे ‘शक्य’, ‘नव्हे’ आणि ‘कायम’. ढोबळ आशय असा, की ताओ म्हणून जे सांगता येतं, तो कायमचा ताओ नव्हे. पण यातला ‘सांगता’ हा शब्द मी माझ्या पदरचा घातलाय. आणि गाडी अडते ती नेमकी तिथेच.

जुन्या चिनी भाषेत विभक्ती नाही, काळ नाही, क्रियापदाला शेपूट नाही. शब्द नाम आहे की क्रियापद, हे तो कुठे बसलाय त्यावरून ठरतं. ‘शक्य’च्या लगेच पुढे आलेला दुसरा ताओ क्रियापद असणार, हे उघड आहे. नाम म्हणून ताओ म्हणजे वाट, मार्ग, रीत. क्रियापद म्हणून मात्र ‘बोलणं, सांगणं’ असाही अर्थ होतो, आणि ‘वाट दाखवणं’ असाही. स्कॉटिश मिशनरी जेम्स लेगनं 1891 मध्ये क्रियापद घेतलं ते ‘वाट तुडवणं’. 1963 मध्ये डी. सी. लाऊ यांनी ‘बोलणं’ निवडलं, आणि बहुतेक भाषांतरकार आज त्याच बाजूचे. चिनी वाचकाला दोन्ही ऐकू येतं, आणि शिवाय एकच शब्द तीनदा वाजतो. भाषांतरात यातलं एक काहीतरी सोडावंच लागतं.

मराठीत जमेल का? मागच्या एका वीकएंडला मंचरच्या पुढे, कळंबला मित्राच्या शेतावर आम्ही चौघे याच्यावरच तासभर भांडलो. पहिला प्रयत्न ‘चाल’. चाल म्हणजे रीत (चालीरीती म्हणतो ना आपण), आणि चालणं हे क्रियापदही त्यातच. जी चाल चालता येते... झकास! पण बोलण्याचा अर्थ गेला. मग ‘बोल’. बोल हे नाम, बोलणं हे क्रियापद. जो बोल बोलता येतो... पण यात रस्ताच गायब. म्हणजे मराठीकडे दोन अर्धे शब्द आहेत, एक अख्खा नाही. इंग्रजीपेक्षा तरी आपण पुढे आहोत, तिथे ‘वे’ या नामाला क्रियापदच नाही.

मित्राचे काका बाजूला बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “आरं, वाट आन् रस्ता एक न्हाई. रस्ता नकाशात आस्तो. वाट मान्सं चालत्यात तवर आस्ती. म्हनून तर वहिवाट म्हंत्यात.” 

काकांनी लेगचीच बाजू घेतली, म्हणायची. पण ‘वाट’ हा शब्द पायाखालचाच राहतो. विश्व ज्या रीतीनं चालतं तोही ताओच. तेवढं ओझं वाटेला झेपत नाही. म्हणून बरेच भाषांतरकार हात वर करतात आणि ‘ताओ’ तसाच ठेवतात. स्वतः लेगनंही नामाच्या जागी तेच केलं. सोय होते, पण साध्या रस्त्याचा शब्द देवघरातल्या मूर्तीसारखा सोवळा होऊन बसतो.

हे भांडण नवीन नाही, आणि ते आधी इंग्रजीत झालंही नाही. ते झालं संस्कृतवरून. शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग आठवतोय? पुलकेशीच्या काळात, 641 च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेलेला बौद्ध भिक्षू. तो चीनला परतल्यावर आसामच्या म्हणजे कामरूपच्या राजाकडून मागणी आली, की लाओत्झूचा ग्रंथ आम्हाला आमच्या भाषेत द्या. 647 मध्ये थांग सम्राटानं हे काम ह्युएन त्संगवर सोपवलं, आणि सोबत ताओपंथी विद्वान दिले. ताओ या शब्दापाशीच बैठक अडली. ताओपंथी म्हणाले, याला संस्कृतात ‘बोधि’ म्हणा. चीनमध्ये बौद्ध ग्रंथांची सुरुवातीची भाषांतरं झाली तेव्हा बोधीसाठी ताओच तर वापरला होता! ह्युएन त्संग म्हणाला, नाही, ताओ म्हणजे ‘मार्ग’. बोधि म्हणजे जाग येणं, ज्ञान होणं. तो वेगळाच मामला.

यात नुसत्या डिक्शनरीचा प्रश्न नव्हता. ‘बोधि’ म्हटलं असतं तर भारतातल्या वाचकाला लाओत्झू बुद्धाचंच सांगतोय असं वाटलं असतं, आणि दोन पंथांमधली सीमाच पुसली गेली असती. ‘मार्ग’ म्हटल्यावर ती राहिली, पण बोलण्याचा अर्थ संस्कृतातही हरवलाच. ते भाषांतर आज आपल्या हाती नाही. वाद तेवढा चिनी नोंदींत उरलाय.

आता शेवटच्या जोडीतला शब्द, ‘कायम’. रूढ प्रतीत इथे ‘छांग’ आहे. त्याचे अर्थ दोन : कायमचा, आणि रोजचा, साधा. मराठीतलं ‘नेहमीचा’ आठवा. ‘नेहमी’ म्हणजे सदैव, पण ‘नेहमीचा रस्ता’ म्हणजे ऑफिसला जायचा तोच तो. त्यामुळे ‘हा काही साधासुधा ताओ नव्हे’ असा उलटाच अर्थ काढायलाही जागा उरते.

हा गुंता सुटला तो जमिनीखाली. 1973 मध्ये चीनमधल्या मावांगदुई इथे इसवीसनपूर्व 168 मधल्या एका थडग्यात रेशमी कापडावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या. तिथे ‘छांग’ नाही, ‘हंग’ आहे. हंगचा कल स्पष्टपणे टिकून राहणं, शाश्वत असणं याच्याकडे. मग छांग आला कुठून? इसवीसनपूर्व 180 ते 157 या काळात राज्य केलेल्या हान सम्राट वेनचं खासगी नाव होतं हंग, आणि सम्राटाचं नाव लिहायचं नाही असा दंडक होता. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, त्या नावाचा शब्द बोलण्यात आला तर दुसराच शब्द वापरायच्या, तसलाच प्रकार. नकलाकारांनी जवळचा शब्द बसवला आणि पुढची दोन हजार वर्षं तोच मूळ मानला गेला.

त्याच रेशमी प्रतींनी आणखी एक धक्का दिला. त्यांत ग्रंथाचे दोन भाग उलट क्रमानं आहेत, म्हणजे हे जगप्रसिद्ध पहिलं वाक्य तिथे पहिलं नाहीच, मधे कुठेतरी येतं. 

तेव्हा पुस्तक विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा. दुसऱ्या ताओसाठी बोलणं घेतलंय की चालणं? ‘कायम’ आहे की ‘साधा’? आणि प्रस्तावनेत मावांगदुईचा उल्लेख आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर भाषांतरकारानं काय ठेवलं आणि काय सोडलं, ते दुकानात उभ्याउभ्या कळेल. मग कव्हरवरच्या धुक्यातल्या डोंगराकडे बघायची गरज नाही.