‘निर्जंतुक करावे’ म्हणजे नेमके काय करावे?

फूड फॅक्टरीच्या भिंतीवर मराठी सूचना चिकटवली की भाषांतर झालं, असं आपण इंजिनिअर मंडळी समजतो. पण हे वाक्य बघा: ‘पृष्ठभाग २०० पीपीएम क्लोरीन द्रावणाने स्वच्छ व निर्जंतुक करावा.’ शब्द मराठीच आहेत, पण पनीर कापायच्या टेबलापाशी उभ्या मावशींनी करायचं काय? त्या तुपकट टेबलावर क्लोरीनचं पाणी ओततात आणि फडक्याने पुसून घेतात. घोळ इथेच होतो. चिकट थरातच क्लोरीन खर्ची पडतं आणि खालचे जंतू सुखरूप राहतात. फडक्यावरचे जंतू टेबलावर येतात ते वेगळंच!

त्या एका वाक्यात पाच कामं दडली आहेत. ती सुटी करून लिहावीत:

१. टेबलावरचे तुकडे काढा.
२. साबणाच्या पाण्याने घासा.
३. साध्या पाण्याने धुवा.
४. १० लिटर पाण्यात ४० मिली क्लोरीन मिसळा. त्याने टेबल भिजवा, २ मिनिटं ओलं राहू द्या.
५. पुसू नका. आपोआप वाळू द्या.

४० मिलीचा हिशोब ५ टक्के हायपोक्लोराइटचा आहे. बाटली जुनी झाली की तिची ताकद उतरते. म्हणून चौथ्या पायरीत तपासणीची कागदी पट्टी बुडवून रंग जुळवायलाही सांगावं.

आणि मित्रहो, भाषांतर जमलं की नाही, हे मॅनेजरच्या सहीवरून ठरवू नये. मावशींच्या हाती कागद द्यावा, तोंडी काही न सांगता टेबल धुवायला लावावं. जिथे त्यांचा हात अडतो, ते वाक्य बदलावं.