फालुदा पातेल्यात नको, ग्लासात

लग्नाच्या जेवणात आणि इफ्तारच्या मोठ्या दावतीत आजकाल फालुदा पातेल्यातून येतो. दूध, सब्जा, शेवया, गुलाबाचे सरबत असे सगळे दुपारीच एकत्र केलेले असते. संध्याकाळी ते पळीने ग्लासात ओततात आणि वर आईस्क्रीमचा गोळा ठेवतात. चव वाईट नसते, पण तो फालुदा नसतो, गुलाबी खीर असते. फालुद्याची गंमत अशी की एकाच घासात सब्जा सुळकन निसटावा, शेवई दातांना जाणवावी, दूध थंड लागावे आणि आईस्क्रीम जिभेवर विरघळावे. या चारही गोष्टी वेगळ्या लागल्या तरच त्याला अर्थ आहे.

‘फालुदा’ हा शब्द फारसी ‘पालूदा’वरून आला. त्याचा अर्थ गाळलेले, शुद्ध केलेले. इराणमधल्या शिराझ शहरात आजही फालुदा म्हणजे स्टार्चच्या बारीक शेवया आणि गुलाबपाण्याचा अर्धवट गोठवलेला पाक, वर लिंबाचा रस. त्यात दूध नसते. दूध आणि आईस्क्रीम आपल्याकडचे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोरचे बादशाह आणि पारशी घरांतला नवरोज यांनी हा दुधाचा फालुदा महाराष्ट्राच्या ओळखीचा केला. पण मूळ पदार्थ शेवईचा आहे, हे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाते.

शिरखुर्म्याची गव्हाची शेवई इथे चालत नाही. ती दूध पीत राहते, फुगते आणि शेवटी दुधालाच दाट करते. फालुद्याला कॉर्नफ्लोअरची शेवई हवी. बारा ग्लासांसाठी एक वाटी कॉर्नफ्लोअर तीन वाट्या थंड पाण्यात कालवावे आणि मध्यम आचेवर सतत ढवळत शिजवावे. आधी ते पांढरे दिसते, मग काचेसारखे होऊन कडा सोडू लागते. पांढरेपणा राहिला तर शेवई कच्ची लागते आणि तुटते. मिश्रण गरम असतानाच बारीक जाळीच्या सोऱ्यात भरून थेट बर्फाच्या पाण्यात पाडावे. गार झाले की ते साच्यातून उतरत नाही. ही शेवई त्याच दिवशी वापरावी. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की ती पांढुरकी आणि कडक होते.

सब्जा, म्हणजे उर्दूतले तुख्मे-रैहान, नेहमी साध्या पाण्यात भिजवावा. सहा चमचे सब्ज्याला तीन वाट्या पाणी आणि वीस मिनिटे पुरतात. प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक कवच दिसले आणि आत काळा ठिपका राहिला की तो तयार. तो थेट गोड दुधात टाकला तर साखर पाणी धरून ठेवते, दाणे नीट फुगत नाहीत आणि गुठळ्या होतात. भिजल्यावर चाळणीत निथळून घ्यावा, नाहीतर त्याचे पाणी दूध पातळ करते.

आता रचना. तळाशी दोन मोठे चमचे गुलाबाचे सरबत. ते दुधापेक्षा जड असल्याने खालीच बसते. त्यावर दोन चमचे सब्जा, मग पाव वाटी निथळलेली शेवई. नंतर पाऊण वाटी दूध ग्लासच्या कडेने, चमच्याच्या पाठीवरून हळू सोडावे. जोरात ओतले की सरबत उसळून सगळे गुलाबी होते. दोन लिटर दूध थोडे आटवून, अगदी कमी साखर घालून, फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवलेले असावे. दूध कोमट असेल तर आईस्क्रीमचा गोळा तरंगायच्या आत फेस होऊन जातो. म्हणून गोळा सर्वांत शेवटी ठेवावा. ग्लासात बर्फ घालू नये. लांब चमचा द्यावा आणि ढवळायचे की तळापासून थर उचलून खायचे, हे खाणाऱ्यावर सोडावे.

यावर कोणी म्हणेल, शंभर माणसांना असे कोण रचून देणार? २०१९ चा रमजान ऐन मे महिन्यात आला होता. तेव्हाच्या आमच्या सावनेरच्या उन्हात आईस्क्रीम ग्लासात किती टिकते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर आधी ग्लास भरून ठेवू नयेत. सरबत, सब्जा आणि शेवई तीन भांड्यांत वेगळी ठेवावी, दूध बर्फात ठेवलेल्या कॅनमध्ये, आणि एकाच्या जागी दोन मुले उभी करावीत. एकाने थर लावावेत, दुसऱ्याने दूध सोडून गोळा ठेवावा. सामान तेवढेच लागते, खर्चही तेवढाच. वाढतात ती फक्त तीन भांडी आणि एक माणूस. तेवढेही जमणार नसेल तर सरळ खीर करावी आणि तिला खीरच म्हणावे.